मांजरांची भिंत

हौसानं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते ओंडका उचलायचं. संक्रांत होऊन गेली होती, पण थंडी मोडली नव्हती. वखारीतून हातगाडीभर लाकडं आली होती. त्यात बाभळीचा एक ओंडका होता, माझ्या मांडीपेक्षा जाड. मी कुऱ्हाड काढली, तशी ती मागच्या परड्यातून ओरडली.

"त्यो फोडू नका! त्यो तसाच पायजे."

"चुलीत मावणार हाय काय ह्यो गडी?"

"मावतोय. तुमी तिकडनं धरा, मी हिकडनं धरतो."

आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी धरतो, मी येतो. दोघांनी धरला. दारापासून चुलीपर्यंत किती ते अंतर, पण मधे दोनदा टेकवावा लागला. मला धाप लागली. ती पदरानं तोंड पुसत हसायला लागली. "जन्मभर बाजारात गुळाच्या ढेपा उचलल्या म्हणून सांगत होता. ह्येच काय ते हात?" मी म्हणालो, ढेपा उचलताना समोर बायको बोलत नव्हती. ओंडका चुलीच्या शेजारी आडवा टाकला. तिनं त्याच्यावर हात फिरवला, जसा म्हशीच्या पाठीवर फिरवावा, आणि म्हणाली, "उद्याला झाला."

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. कोंबड्याच्या आधी उठणारी बाई, मी हाक मारली, हलवलं, हात गार लागला. झोपेतच गेली होती. ओंडका तिथंच पडून राहिला.

हौसा गगनबावड्याकडची. तिकडं पाऊस पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा ह्या गावातल्या पावसाला हसायची. "ह्यो काय पाऊस? आमच्याकडं चार-चार म्हैनं धुतलेलं कापड वाळत न्हाय. चुलीमागच्या भिंतीला बाहेरनं चिकटवायचं, तवा कुठं सांजंला अंगावर घालाय मिळतंय." हे मी शंभरदा ऐकलं असंल. ऐकलं आणि सोडून दिलं. बायकोचं बोलणं माणूस पाऊस ऐकतो तसं ऐकतो.

ती भाकरी करायची. नुसती घरची नव्हे, गल्लीच्या तोंडाला खानावळ आहे, तिथं तांबडा-पांढरा रस्सा ओरपायला येणाऱ्या पावण्यांच्या ताटात जी भाकरी पडायची ती हौसाची. परड्यात पत्र्याच्या शेडात तिची चूल, मागच्या भिंतीला लागून. पहाटे पेटायची. दुपारच्या जेवणाच्या आधी टोपल्या भरून जायच्या. गॅस घरात होता, त्याच्यावर चहा व्हायचा, भाकरी नाही. लेकानं नवी शेगडी आणून दिली तर तिनं तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली. म्हणाली, "गॅसवरची भाकरी फुगत्या, पर रुसल्यावानी."

पीठ मळताना तिच्याकडं बघत बसावं. थापताना परातीतली भाकरी आपोआप फिरायची, असं वाटायचं. तव्यावर टाकली की पाण्याचा हात, मग उलटायची, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढं उभी करायची. भाकरी टम्म फुगली की म्हणायची, "भाकरीनं फुगावं, माणसानं न्हाय." हे माझ्यासाठी असायचं. खानावळवाला घाई करायला लागला की त्यालाही एक ठरलेलं होतं: "आगीला घाई न्हाय बाबा. घाई तुला हाय." त्या माणसानं कधी उलटं उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. तिला कुणीच देत नव्हतं. आवाज मोठा नव्हता तिचा. पण बोलली की विषय संपायचा.

एकाच गोष्टीवर आमचं जमत नव्हतं, ते म्हणजे लाकूड. भाकरी संपली, टोपल्या गेल्या, की चूल विझवावी की नाही? शहाणा माणूस विझवतो. ही काय करायची, एक जाड ओंडका चुलीत सारायची, पार मागं, भिंतीला टेकेल असा. राख वर ओढायची. तो जाळ नाही धरायचा, नुसता आतल्या आत फुलत राहायचा, ऊन कलेपर्यंत. वर तवा नाही, भांडं नाही. मी म्हणायचो, "कुणाचं जेवण शिजतंय ह्याच्यावर?"

"शिजतंय कुणाचं तरी."

"लाकूड फुकट येत न्हाय, हौसा."

"ऊबबी फुकट येत न्हाय. पर ती कुणाच्या बापाची नसत्या."

झालं. विषय संपला. हे पाऊस लागला की सुरू व्हायचं आणि शिमग्याला थांबायचं. उन्हाळ्यात ओंडका नसायचा. मी म्हणायचो, बाईची खोड आहे, चालू दे.

आता भिंतीचं. त्या शेडाची मागची भिंत गल्लीकडं आहे. आमच्या बाकीच्या घराच्या भिंती दगडी, तेवढा तुकडा विटांचा. गल्लीच्या बाजूला पत्रा थोडा पुढं आलेला, त्यामुळं खाली कोरडं राहतं. तिथं रोज संध्याकाळी मांजरं यायची. भटकी, कुणाची नव्हेत. एक करडी, तिची दोन-तीन वर्षांची लेकरं-नातवंडं, एक कानफाटा बोका, एक पांढरी, पायानं अधू. दिवे लागायच्या सुमाराला कुठून कुठून निघायची, कौलावरून, गटाराच्या कडेनं, आणि त्या भिंतीला पाठ लावून बसायची. ओरडायची नाहीत, मागायची नाहीत. बायका-पोरं एकमेकांना चिकटून मधे, बोका जरा लांब, पण त्याचीही पाठ भिंतीलाच. दिवसा हीच मांजरं एकमेकांच्या अंगावर फिसकारायची. तिथं मात्र गप्प. पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून, कीर्तनाला बसल्यासारखी. अंधार पडला की एकेक उठायचं, आळस द्यायचं आणि उंदराच्या मागं जायचं.

आणि त्यांच्यात हौसा. हातात लसणाची पाटी घेऊन पोत्यावर बसायची, तिचीही पाठ भिंतीला. मला म्हणायची, "या की. कंबर शेकून घ्या." मी म्हणायचो, मांजराच्यात बसायला मी काय मांजर हाय?

गल्लीत सगळ्यांचं एकच मत, हौसाक्का मांजरांना मासळी घालते. ती म्हणायची, "मी कायबी घालत न्हाय." कुणी ऐकत नव्हतं. मीही मनात म्हणायचो, घालत असणार, मला दाखवत नसणार. नाहीतर जनावर कशाला येईल रोज?

हे ज्या पोरीला पटलं नाही ती तनू. समोरच्या घरातली, पाचवीत आहे. दोन वेण्या आणि तोंडात कायम 'का'. तिनं एक दिवस हौसाला विचारलं, "आजी, मांजरं इथंच का बसत्यात?"

"तूच हुडीक."

"तुमाला ठाव हाय?"

"मला ठाव असून तुला काय फायदा? मी सांगितलं तर माझं. तू हुडकलंस तर तुझं."

पोरगी लागली मागं. पहिलं तिनं खाण्याचं बघितलं. चार दिवस संध्याकाळी दारात बसून हौसाच्या हाताकडं नजर ठेवली. लसणाच्या सालीशिवाय खाली काही पडलं नाही. मग तिनं घरातून चिमूटभर सुकट आणली आणि मुद्दाम गल्लीच्या पलीकडच्या टोकाला टाकली. मांजरं उठली, धावली, खाल्लं, मिशा चाटल्या, आणि परत येऊन भिंतीला बसली. ती मला सांगायला आली. "तात्या, खायाला येत न्हाईत. खायाचं तिकडं होतं, तरी हिकडं आली."

मग उंदरांची बिळं शोधली. एकही सापडलं नाही. मग एक दिवस करडी उठून गेल्यावर तिच्या जागेवर हात ठेवला. पोरगी ताडकन उठली आणि ओरडली, "आजी, ही भिंत कोमट हाय!"

हौसा लसूण सोलत राहिली. "मांजर बसलं हुतं तिथं. ऊब लागणारच."

"न्हाय. मांजर बसलं न्हवतं तिथंबी कोमट हाय." पोरीनं सगळी भिंत चाचपली. दगडी भाग गार. विटांचा तुकडा वर गार. खाली, जमिनीपासून तिच्या कमरेपर्यंत आणि दोन्ही हात पसरले तर जेवढं होईल तेवढं रुंद, तेवढंच कोमट. मांजरं बसायची ती नेमकी तेवढ्यात. त्याच्या बाहेर एक नाही. तिनं खडूनं भोवती रेघ मारली. त्या दिवसापासून मीही जाता-येता बघायला लागलो. खरंच, रेघेच्या बाहेर शेपटी सुद्धा नाही.

मी म्हणालो, उन्हानं तापत असंल. तनू म्हणाली, "तात्या, ऊन सकाळचं येतंय ह्या बाजूला. दुपारपासनं सावली हाय. आनी काल तर दिवसभर ढग हुतं, तरीबी कोमट."

मग ती घरातून शेडात आली. रेघेच्या बरोबर मागं काय आहे, तर चूल. तिनं चुलीत हात घातला. संध्याकाळची चूल, राख गार. तिचं तोंड पडलं. "चूल तर गार हाय. मग भिंत गरम कशी?"

हौसा एवढंच म्हणाली, "आगीला घाई न्हाय. तुलाच हाय." आणि हसली. ते हसणं मला अजून दिसतं. कोडं सांगणाऱ्याचं हसणं नव्हतं ते. पेरलेलं उगवायला लागलेलं बघणाऱ्याचं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो ओंडका आला आणि ती गेली.

सुतकात आमच्यात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारची ताटं येतात. पहिल्या संध्याकाळी मांजरं आली. गल्लीतल्या बाया डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बघा, मुक्या जनावराला कळतंय. आक्काला हुडकाय आली." मी दारात बसलो होतो. खरं सांगतो, दिवसभर जेवढी माणसं भेटून गेली त्यांच्यापेक्षा त्या मांजरांचा मला आधार वाटला. दुसऱ्या संध्याकाळी करडी आली, दोन-तीन पिल्लं आली, बसली, उठली, जागा बदलली, निघून गेली. त्याच्या पुढं एकही नाही. मी रोज दारात बसून वाट बघायचो. भिंत मोकळी. पोतं मोकळं.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, एवढी वर्षं तिच्या अंगाला चिकटून बसलात. दोन दिवसांत विसरलात? माणसं तरी बाराव्यापर्यंत सुतक धरतात. कानफाटा बोका समोरून गेला तर मी त्याला चप्पल फेकून मारली. लागली नाही. चप्पल आणायलाही मलाच जावं लागलं.

बारावं झालं. लेक महादेव म्हणाला, "आबा, आता चूल कशाला? तेवढी भिंत, शेड काढू. तिथं न्हाणीघर बांधू, तुमाला रातीचं लांब जायला नको." चांगलंच सांगत होता पोरगा. सुनेला चूल पेटवता येत नव्हती, आणि तिनं का पेटवावी? मी म्हणालो, "काढ. समदंच काढ. तिची आठवण मांजराला न्हाय, तर विटंला काय आसनार." गवंडी सकाळी येणार असं ठरलं. महादेव आणि सून पाहुण्यांना पोचवायला गेली. दुपारी घरात मी एकटा.

तनू आली. हातात वीट.

"तात्या, गॅस पेटवा."

"कशाला? वीट शिजवनार हायस?"

"व्हय."

ती तोंड वर करून उभी. हौसा गेल्यापासून घरात कुणाशी मोठ्यानं बोलायची चोरी झालेली, आणि ही वीट घेऊन आली. मी गॅस पेटवला. तिनं वीट बर्नरवर आडवी ठेवली, जाळ बारीक केला. "वर हात लावा." लावला. गार. "आता च्या करा." दुसऱ्या बर्नरवर चहा केला. प्यालो. "आता लावा." गारच. मी म्हणालो, पोरी, खेळ बास. ती म्हणाली, "दमानं." अगदी हौसाचा आवाज. तिच्या शाळेचं विचारलं, तिनं सांगितलं. परत हात लावला तर विटेची वरची बाजू कोमट झाली होती.

मग तिनं गॅस बंद केला. "आता थांबा."

थांबलो. जाळ नाही, काही नाही. आणि वीट वरून गार होण्याऐवजी अजून तापायला लागली. मघाशी कोमट होती, आता हात ठेवला की जरा वेळानं उचलावासा वाटत होता. मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"ऊब आतनं चालत येत्या, तात्या. विटंतनं हळूहळू येत्या. जाळ इझला तरी वाटंत आसलेली येतच राहत्या. ही एक वीट हाय आनी आडवी हाय. आजीची भिंत कितीतरी जाड हाय. सकाळी चुलीत पेटलेलं भिंतीच्या बाहेर यायला सांज हुत्या. म्हणून चूल गार, आन् भिंत गरम. मी चुलीत सांजंला हात घातला तिथंच चुकलो."

"मग मांजरं?"

"आमच्या बाईंना विचारलं मी. मांजराचं अंग आपल्यापेक्षा जास्ती कढत असतंय. तेवढं कढत राखायला पोटातलं जळतंय. थंडीत जास्ती जळतंय. भटक्याला खायालाच मिळत न्हाय, मग जाळणार काय? भायेरनं ऊब मिळाली की पोटातलं वाचतंय. रातीचं उंदीर मारायला जायच्या आधी शेकून जात्यात." मग जरा हळू म्हणाली, "आजी गेली त्या दिवशी चूल न्हवती, तरी आदल्या दिवशीचं थोडं शिल्लक हुतं भिंतीत. मी हात लावून बघितलं हुतं. दुसऱ्या दिवशी जवळजवळ गार. म्हणून गेली मांजरं. इसरून न्हाय गेली."

माझ्या मनात पहिलं आलं ते काही चांगलं नव्हतं. म्हटलं, म्हणजे हौसाचं त्यांना काहीच नव्हतं. भिंतीचं होतं. मी तसं बोललोही. "मग माझी बायको काय, नुसती भिंत शेकायची?"

तनू गोंधळली. लहान आहे. वीट उचलायला गेली, हात भाजला, फडक्यानं धरली. जाता जाता तिनं विचारलं, "पर तात्या, भाकरी तर दुपारच्या आत संपायच्या. मग आजी त्यो मोठा ओंडका का घालायची? भाकरीच्या जाळानं भिंत रातीपर्यंत टिकली नसती. ओंडका हुता म्हणून टिकायची."

ती गेली. मी उठून शेडात गेलो. बाभळीचा ओंडका चुलीशेजारी पडला होता, आम्ही टाकला तसाच. मी त्याच्यावर बसलो.

पाऊस लागला की सुरू, शिमग्याला बंद. पार मागं, भिंतीला टेकेल असा. राख ओढून, जाळ नको, नुसती धग. चुलीमागच्या भिंतीला कापडं वाळवणाऱ्या गावची बाई. 'शिजतंय कुणाचं तरी.' तिला सगळं ठाऊक होतं, कोणत्या लाकडानं, कुठं ठेवून, किती वेळानं बाहेर ऊब येते ते. मांजरांना तिनं कधी एक घास टाकला नाही. टाकला असता तर ती तिच्या पायात घोटाळली असती, दुसऱ्याच्या दारात मार खाल्ला असता, गल्ली भांडायला आली असती. तिनं फक्त भिंत गरम ठेवली. कुणी दिली, कुणी घेतली, कुणाला पत्ताच नाही. मांजरांनी तिला ओळखायची सुद्धा गरज नव्हती. मी आयुष्यात बरीच माणसं बघितली, देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणारी. असं देणारं दुसरं बघितलं नाही. आणि हे माझ्याच घरात, माझ्याच लाकडांवर चाललं होतं.

रात्री महादेव आणि सून परत आली.

सकाळी अंधार होता तेव्हा उठलो. पीठ मळायचं धाडस नव्हतं, ते येत नाही मला. चुलीतली जुनी राख काढली. उसाची चगळ-चिपाडं लावली, शेणी मोडून घातली, काडी ओढली. विझली. परत ओढली. फुंकणीनं फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं, धुराचं असंल, दुसरं असंल. जाळ धरला तेव्हा उजाडलं होतं. मग ओंडका. एकट्यानं उचलणं झालंच नाही, ढेपा उचलणारे ते हात आता नाहीत. लोटत लोटत नेला, पहारीनं एक टोक उचललं आणि चुलीत सारला, पार मागं, भिंतीला टेकेल असा. राख वर ओढली.

गवंडी आला, खांद्यावर घमेलं, हातात पहार. शेडात धूर बघून उंबऱ्यातच थांबला.

"आबा, आज पाडायचं म्हणलं हुतं न्हवं?"

"चूल पेटल्याली हाय. पेटल्याली चूल पाडत्यात व्हय?"

"मग कवा येऊ?"

"शिमगा झाल्यावर बघू."

तो महादेवाकडं बघायला लागला. महादेव माझ्याकडं बघत होता. शेवटी त्यानं गवंड्याला चहाला बस म्हणून सांगितलं.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून तनूची हाक आली. शाळेला निघाली असणार, दप्तर पाठीवर, तळहात भिंतीला.

"तात्या! भिंत अजून गारच हाय!"

"असणारच की," मी इकडून ओरडलो. "आगीला घाई न्हाय. सांजंला हात लाव."